एकाच फळीवर प्लेअर आणि स्पीकर

विलंबित ख्यालाची जुनी एलपी लावलेली असते. आवाज बेताचा, गाणं नीट ऐकू येत असतं. तबलजी डग्ग्यावर घुमारा काढतो, मनगटाने दाबत तो वर नेतो, आणि त्या मींडेतल्या एका ठरावीक जागी आवाज एकदम फुगतो. घुमारा पुढे सरकतो, पण तो फुगलेला सूर क्षणभर खोलीत तसाच रेंगाळतो. आवाज थोडा वाढवला की तोच सूर तबल्याची वाट न बघता आपला आपण सुरू होतो. आधी बारीक ‘हूं’, मग भोंगा. घाईने आवाज कमी करावा लागतो, आणि त्या वेळी वूफरचा पडदा पुढे-मागे हलताना डोळ्यांनी दिसतो.

असं जिथे होतं, तिथे बहुतेक वेळा मांडणी एकच असते. भिंतीवर किंवा शोकेसमध्ये एक लांब फळी, मध्ये रेकॉर्ड प्लेअर, दोन्ही बाजूंना दोन स्पीकर. दिसायला ही मांडणी देखणी असते, जागाही वाचते. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये दुसरी जागा सापडणंही कठीण. पण या मांडणीत ती फळीच ध्वनियंत्रणेचा एक भाग होऊन बसते, आणि उपाय शोधताना लोक प्लेअर बदलतात, सुई बदलतात, अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला टाकतात. फळीकडे शेवटी लक्ष जातं.

आधी दुखणं कोणतं ते ठरवायला हवं, कारण खालच्या पट्टीतली घरघर तीन वेगळ्या ठिकाणांहून येते आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिली म्हणजे विजेची गुणगुण, ज्याला सगळे ‘हम’ म्हणतात. ती आपल्याकडे 50 हर्ट्झची आणि तिच्या पटींची असते. सुई रेकॉर्डवरून उचलली तरी ती तशीच राहते, त्यामुळे ओळखायला सोपी. तिचा फळीशी संबंध नाही. प्लेअरची अर्थची तार आणि जोडण्या तपासायच्या. दुसरी म्हणजे खरं रंबल. प्लॅटरचं बेअरिंग, मोटर, जुन्या प्लेअरमधलं रबरी चाक, यांची यांत्रिक घरघर सुईपर्यंत पोचते. तिसरा तो फीडबॅक, म्हणजे स्पीकरचा आवाज फळीतून आणि हवेतून पुन्हा सुईपर्यंत जाणं.

रंबल आणि फीडबॅक कानाला सारखे वाटू शकतात. त्यांना वेगळं करायला हेडफोन पुरतो. अ‍ॅम्प्लिफायरला हेडफोन लावा आणि स्पीकर बंद आहेत याची खात्री करा. बऱ्याच अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हेडफोन लावताच स्पीकर आपोआप बंद होतात, नाहीतर स्पीकरचं बटण असतं. आता तीच रेकॉर्ड, तोच भाग ऐका. घरघर तशीच ऐकू आली तर ती प्लेअरमधली किंवा रेकॉर्डमधलीच आहे. ती गेली, डग्गा मोकळा आणि घट्ट वाजू लागला, तर दोष स्पीकर ते सुई या वाटेत आहे. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि पुढचा पुष्कळ खर्च वाचवते.

सुईला एवढं कसं कळतं, हे समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं. रेकॉर्डच्या खाचेतली वळणं मायक्रॉनमध्ये मोजायची असतात, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. हळुवार भागात तर ती एका मायक्रॉनहूनही बारीक असतात. कार्ट्रिज मोजतं ते सुई आणि त्याचं स्वतःचं अंग यांच्यातलं हलणं. खाचेने सुई हलवली काय किंवा फळीने सगळा प्लेअर हलवून आर्मचं अंग हलवलं काय, कार्ट्रिजला दोन्ही सारखंच. बोटाने फळीवर टिचकी मारली की स्पीकरमधून ‘ठप’ ऐकू येतं ते यामुळेच.

त्यात भर पडते ती रेकॉर्डच्या मुळातल्या एका तडजोडीची. खर्जातले सूर पूर्ण ताकदीने कोरले तर खाच इतकी नागमोडी होईल की एलपीवर मोजकीच मिनिटं मावतील. म्हणून कोरताना खर्ज मुद्दाम कमी केला जातो आणि वाजवताना अ‍ॅम्प्लिफायरचा फोनो विभाग तो पुन्हा वाढवतो. किती वाढवायचा याचा आराखडा 1954 पासून ‘आरआयएए’च्या नावाने ठरून गेला आहे. 1000 हर्ट्झच्या तुलनेत 50 हर्ट्झचा संकेत सुमारे 17 डेसिबेल, म्हणजे सातपट वाढतो, आणि 20 हर्ट्झचा नऊपटीहून थोडा जास्त. संगीताचा खर्ज यामुळे मूळ जागेवर येतो. फळीचं कंपन मात्र कोरताना कमी झालेलंच नव्हतं, तरीही ते सातपट, नऊपट होऊन बाहेर पडतं. सीडी किंवा मोबाइलवर हा प्रश्न का नाही, त्याचं उत्तर इथे आहे. तिथे फळीचं कंपन ऐकणारं कुणी नसतं.

आता फेरा पूर्ण होतो. सुईचा संकेत फोनो विभागात वाढतो, अ‍ॅम्प्लिफायरमधून स्पीकरला जातो, स्पीकरचा पडदा पुढे जाताना खोक्याला मागे ढकलतो, खोकं फळीला हलवतं, फळी प्लेअरला आणि प्लेअर सुईला. या फेऱ्यात निघालेलं कंपन परत येताना मूळच्यापेक्षा लहान असेल तर ते विरून जातं. ते मूळच्याएवढं किंवा मोठं होऊन, त्याच तालात परत आलं, तर प्रत्येक फेरीला वाढत जातं आणि भोंगा सुरू होतो. भोंग्याच्या अलीकडची अवस्था मात्र मला जास्त त्रासदायक वाटते, कारण ती कुणाच्या ध्यानात येत नाही. फेरा वाढत नसतो, पण विरायलाही वेळ घेतो. मग खर्ज जाड, चिकट वाटतो, तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेला एक नको तो फुगवटा येतो, आणि ऐकणारा म्हणतो, ‘रेकॉर्डचा आवाज असाच ऊबदार असतो.’ त्यातली बरीचशी ऊब फळीची असते.

ठरावीक सुरालाच आवाज का फुगतो, तेही फळीवरूनच ठरतं. दोन टोकांना टेकलेली 18 मिलिमीटर प्लायवुडची पाच फुटी फळी घेतली तर तिचं पहिलं नैसर्गिक कंपन अंदाजे 12 हर्ट्झला येतं. पुढची कंपनं त्याच्या चौपट आणि नऊपट, म्हणजे 50 आणि 110 च्या आसपास. वर प्लेअर आणि स्पीकर ठेवले की त्या वजनाने हे आकडे खाली सरकतात. आता काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याचा खर्ज 69 हर्ट्झच्या जवळ असतो, आणि डग्ग्याचा घुमारा याच टापूत वर-खाली फिरतो. आपल्या संगीताचा पाया नेमका जिथे आहे, तिथेच या फळीचं घर आहे. शिवाय फळी सगळ्यात जास्त हलते ती मध्यावर, आणि प्लेअर ठेवलेला असतो तो बरोबर तिथेच.

एका स्नेह्यांच्या घरची मांडणी अशीच होती. पाच फुटी प्लायची फळी, दोन टोकांना ब्रॅकेट, मध्ये बेल्टवर चालणारा सहा किलोंचा प्लेअर, दोन्ही टोकांना बुकशेल्फ स्पीकर. हेडफोनवर सगळं स्वच्छ होतं, म्हणजे संशय फीडबॅकवर आला. मग आम्ही स्थिर रेकॉर्डची चाचणी घेतली. हीच चाचणी पुढे प्रत्येक बदलानंतर करायची असते, म्हणून ती नीट सांगतो.

मोटर बंद ठेवायची, प्लॅटर थांबलेला. जुनी, ओरखड्यांची पर्वा नसलेली रेकॉर्ड ठेवून तिच्यावर सुई हलकेच टेकवायची. आवाजाचं बटण शून्यावरून अगदी सावकाश वाढवत न्यायचं आणि हात बटणावरच ठेवायचा. मधूनमधून बोटाने फळीवर टिचकी मारायची. टिचकीचा ‘ठप’ लगेच संपला तर अजून जागा आहे. तो ‘ठम्म्म’ असा लांबू लागला की सीमा जवळ आली. भोंगा सुरू होताच बटण खाली घ्यायचं, तो वाढू द्यायचा नाही. वूफर जळू शकतो. ज्या जागी टिचकी लांबू लागली आणि ज्या जागी भोंगा निघाला, त्या दोन्ही जागा लिहून ठेवायच्या. मोबाइलवर सूर जुळवायचं एखादं फुकट अ‍ॅप असेल तर भोंग्याचे हर्ट्झही कळतात.

त्यांच्याकडे टिचकी बटण दहा वाजल्याच्या जागी असतानाच लांबत होती आणि अकराला भोंगा निघत होता. अ‍ॅपवर आकडा 72 च्या आसपास दिसला. ते रोज ऐकत ते दहालाच, म्हणजे रोजचं ऐकणं फुगलेल्या खर्जातच चाललं होतं.

पुढची पायरी निर्णायक ठरली. दोन्ही स्पीकर फळीवरून उतरवून फळीसमोर, साधारण तेवढ्याच अंतरावर दोन खुर्च्यांवर ठेवले आणि तीच चाचणी पुन्हा केली. या वेळी भोंगा दोनच्या पुढे निघाला. हवेतलं अंतर जवळजवळ तेच असूनही एवढा फरक पडला, याचा अर्थ कंपन मुख्यतः लाकडातून येत होतं. फरक पडला नसता, तर हवेची वाट शोधावी लागली असती. कुठलीही वस्तू विकत आणण्याआधी हा खुर्चीचा प्रयोग करावा, असा माझा आग्रह आहे.

त्या घरात लहान नातवंडं होती, त्यामुळे स्पीकर जमिनीवर किंवा स्टँडवर ठेवणं शक्य नव्हतं. ते भिंतीवर गेले, स्वतंत्र लोखंडी ब्रॅकेटवर, फळीच्या दोन्ही बाजूंना पण फळीला कुठेही न चिकटता. ती भिंत बाहेरच्या बाजूची, नऊ इंची विटांची होती. एवढी जड भिंत छोट्या स्पीकरने फारशी हलत नाही. आतली चार इंची भिंत किंवा प्लायचं पार्टिशन असतं तर हा उपाय एवढा उपयोगी पडला नसता. पार्टिशन म्हणजे उभी केलेली फळीच. इतकं केल्यावर भोंगा दीडच्या सुमाराला गेला. खुर्च्यांवर होता त्याहून थोडा अलीकडे, पण आधीच्यापेक्षा पुष्कळ लांब.

मग प्रश्न आला प्लेअरच्या पायांचा. त्यांनी आधीच रबरी पॅड आणून लावले होते आणि त्यांनी काहीच फरक पडला नव्हता. याचं कारण हिशेबात आहे. कुठल्याही मऊ आधारावर वजन ठेवलं की तो थोडा दबतो. किती मिलिमीटर दबला ते पाहा, त्या आकड्याचं वर्गमूळ काढा आणि 16 ला त्याने भागा. जे उत्तर येईल तेवढे हर्ट्झ हे त्या आधाराचं स्वतःचं डोलणं. एक मिलिमीटर दबला तर 16 हर्ट्झ, चार दबला तर 8, सोळा दबला तर 4. या आकड्याच्या सुमारे 1.4 पटीच्या वर आधार कंपन अडवायला लागतो, आणि मनासारखा अडवतो तो तीन-चार पटींच्या पुढे. त्या आकड्याच्या आसपास मात्र तो कंपन अडवण्याऐवजी वाढवतो. स्नेह्यांचे पॅड सहा किलो वजनाखाली दबलेले दिसतसुद्धा नव्हते. दहाव्या भागाच्या मिलिमीटरने दबणाऱ्या पॅडचं डोलणं 50 हर्ट्झला येतं. शिवाय रबर झपाट्याने हलवलं की ते स्थिर असतानापेक्षा ताठ वागतं, त्यामुळे खरा आकडा आणखी वर जातो. म्हणजे 72 हर्ट्झच्या भोंग्यावर त्या पॅडचा काडीचा उपयोग नव्हता, उलट थोडी मदतच होत असावी. चपलेच्या रबराचे तुकडे, दाराचे बफर, जाड चटई, सगळ्यांना हाच हिशेब लावायचा. आधार वजनाला साजेसा मऊ हवा. जड प्लेअरसाठी केलेला पॅड हलक्या प्लेअरखाली दगडच.

टोकदार धातूच्या पायांबद्दलही बोललं पाहिजे, कारण ते कंपन थांबवतात अशी समजूत पक्की आहे. टोकाने फळी आणि प्लेअर एकमेकांना घट्ट जोडले जातात. गालिच्यावर डगमगणारा स्पीकर स्थिर ठेवायला ते चांगले आहेत. फीडबॅकच्या दुखण्यावर त्यांचा उपयोग नाही.

खरोखर मऊ आणि स्वस्त आधार म्हणजे लहान मुलांच्या सायकलची ट्यूब, बारा इंची चाकाची. तिच्यावर एक जड फरशी आणि फरशीवर प्लेअर. फरशी म्हणून आपल्याकडचा कडप्पा उत्तम. 45 बाय 40 सेंटिमीटरचा, दोन सेंटिमीटर जाडीचा तुकडा दहा किलोंच्या आसपास भरतो, आणि मार्बलवाल्याकडे उरलेल्या तुकड्यांत सहज मिळतो. कडा घासून घ्यायच्या. वजन जितकं जास्त, तितकं त्याच ट्यूबवरचं डोलणं संथ. फळी मात्र एवढं वजन पेलणारी हवी. इथे स्पीकर उतरल्याने हिशेब जमला. नाहीतर ब्रॅकेट आणि त्यांचे स्क्रू आधी तपासायचे.

ट्यूबमध्ये हवा किती भरायची, इथे सगळे चुकतात, आणि चुकतात ते जास्तीच्या बाजूला. टणक ट्यूब म्हणजे पुन्हा ताठ आधार. व्हॉल्व्ह बाहेरच्या बाजूला येईल अशी ट्यूब फळीवर ठेवा, कडप्पा आणि प्लेअर वर ठेवा आणि सायकलच्या पंपाने हळूहळू हवा भरा. कडप्पा फळीपासून दीड-दोन सेंटिमीटर उचलला गेला की थांबा. आता वरून तळहाताने हलकेच दाबून सोडा आणि डोलणं मोजा. ट्यूबला वरचं वर्गमूळाचं सूत्र नेमकं लागू पडत नाही, म्हणून प्रत्यक्ष मोजणंच बरं. सेकंदाला तीन-चार हेलकावे डोळ्यांनी मोजता आले तर जमलं. थरथर इतकी भराभर झाली की मोजताच येत नाही, तर हवा जास्त आहे.

तीन-चारच का, त्यालाही कारण आहे. आर्म आणि कार्ट्रिज यांचं मिळून स्वतःचं एक डोलणं असतं, बहुतेक चांगल्या जोड्यांत 8 ते 12 हर्ट्झच्या दरम्यान. प्लेअरचा आधारही त्याच आकड्यावर डोलू लागला तर दोन्ही एकमेकांना झुलवतात, आवाज न येता वूफर मोठमोठे हेलकावे घेतो आणि सुई उडायचीही भीती असते. आधार या टापूच्या बराच खाली हवा. एक सेंटिमीटर दबणारा स्पंज 5 हर्ट्झला बसतो, तोही चालतो. पण स्पंज महिन्या-दोन महिन्यांत बसतो आणि ताठ होतो.

कडप्प्यावर प्लेअर ठेवताना मोटरची बाजू जड असते, त्यामुळे सगळं एका अंगाला झुकतं. प्लॅटरवर गवंड्याचं छोटं लेव्हल ठेवून प्लेअर इंच-अर्धा इंच सरकवत पातळी साधायची. ही पातळी कायम राहत नाही, ट्यूबमधून हवा हळूहळू जाते. पंधरवड्यातून एकदा लेव्हल ठेवून पाहायचं आणि दोन पंप मारायचे. ज्यांना हे नको, त्यांनी या वजनाला नेमक्या बसणाऱ्या स्प्रिंगा वापराव्यात. तत्त्व तेच.

सगळे प्लेअर मात्र ट्यूबवर ठेवू नयेत. अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी 1961 मध्ये एआर कंपनीचा जो प्लेअर आणला, त्यात प्लॅटर आणि आर्म मिळून एका आतल्या चौकटीवर बसवले होते आणि ती चौकट स्प्रिंगांवर टांगलेली होती. मोटर बाहेरच्या अंगावर राहिली. ही कल्पना पुढे बऱ्याच प्लेअरनी उचलली. असा प्लेअर तुमच्याकडे असेल तर आधार आतच आहे, आणि त्याच्याखाली दुसरा डोलणारा आधार दिला तर दोन डोलणी एकमेकांत अडकतात. त्याला हलकी, ताठ, भिंतीला पक्की बसवलेली फळी आवडते. जुन्या वाड्यांच्या लाकडी तक्तपोशीवर चालताना सुई उडते, तिथेही भिंतीवरची फळीच कामाला येते. आरसीसी स्लॅबवर पावलांचा त्रास सहसा नसतो.

स्नेह्यांच्या घरी कडप्पा आणि ट्यूब आल्यावर बटण तीनच्या पुढे नेलं तरी भोंगा निघेना. टिचकी मात्र अडीचपासून किंचित लांबत होती, पण आता वेगळ्या सुरात, जरा वरच्या. लाकडाची वाट बंद झाली होती आणि हवेची उघडी पडली होती. प्लेअरचं अ‍ॅक्रिलिकचं झाकण बिजागरीवरून काढून बाजूला ठेवलं आणि तेही बरंच ओसरलं. असं पातळ, मोठं झाकण आवाजाच्या लाटा झेलून प्लेअरच्या अंगात उतरवतं. काही प्लेअरवर बंद झाकण उलट आडोसा देतं, त्यामुळे चाचणी घेऊनच ठरवावं. अर्धं उघडं झाकण मात्र सहसा सगळ्यात वाईट. फळी खोलीच्या कोपऱ्यात असेल तर तिथे खर्जाचा दाब सर्वांत जास्त साठतो. प्लेअर कोपऱ्यापासून दोन-तीन फूट जरी सरकवला तरी फरक पडतो.

स्पीकर फळीवरून हलवणं शक्यच नसेल तर एवढी मोकळीक मिळत नाही, पण काही हातात उरतं. फळीच्या मध्याखाली आणखी एक ब्रॅकेट ठोकला की दोन आधारांमधलं अंतर निम्मं होतं आणि फळीचं पहिलं कंपन चौपट वर जातं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्लेअर आता सगळ्यात जास्त हलणाऱ्या जागी न राहता आधारावर येतो. स्पीकरखाली स्पंज ठेवायचा, तोही दबण्याचा तोच हिशेब करून, म्हणजे त्यांची ढकल फळीत कमी उतरते. प्लेअरखाली ट्यूब किंवा स्प्रिंगा तर हव्यातच. स्पीकरला मागे किंवा पुढे हवेचं भोक असेल तर त्यात स्पंजची गुंडाळी बसवून पाहावी. खालचा खर्ज कमी होतो आणि फीडबॅकही. अ‍ॅम्प्लिफायरवरचं ‘लाउडनेस’ बटण बंद करायचं, खर्जाचं बटण मध्यावर आणायचं. हे दोन्ही फेऱ्याला खतपाणी घालतात, आणि जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’ वर्षानुवर्षं चालूच राहिलेलं मी पाहिलं आहे.

कधी कधी दोन्ही स्पीकरच्या लाल-काळ्या तारा एकाच वेळी उलट जोडल्यानेही भोंगा पुढे ढकलला जातो, कारण परत येणारं कंपन आता मूळच्या तालाच्या उलट पडतं. एकाच स्पीकरच्या तारा उलटवल्या तर खर्जच जाईल. उलटवायच्या तर दोन्हींच्या.

जुन्या हिंदुस्थानी संगीताच्या रेकॉर्ड ऐकणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट हाताशी आहे. आपल्या संग्रहातल्या बऱ्याच एलपी मोनो आहेत. मोनो रेकॉर्डमध्ये संगीत असतं ते सुईच्या डाव्या-उजव्या हलण्यात. फळी मात्र वर-खाली हलते, आणि मोटरच्या घरघरीचा, वाकलेल्या रेकॉर्डच्या हेलकाव्यांचा बराच भागही वर-खालीच असतो. स्टीरिओ कार्ट्रिज हे वर-खालचं हलणं दोन्ही वाहिन्यांवर उलटसुलट देतं, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरचं ‘मोनो’ बटण दाबलं की ते एकमेकांना खोडून काढतं, आणि संगीत जसंच्या तसं राहतं. स्थिर रेकॉर्डच्या चाचणीत भोंगा सुरू होत असताना हे बटण दाबून पाहा. भोंगा पटकन बसला तर फळी वर-खाली हलते आहे हेही त्यातच कळलं. स्नेह्यांच्या घरी पहिल्याच दिवशी, काहीही हलवण्याआधी, मोनो बटणाने भोंगा अकरावरून साडेबाराला गेला होता.

फोनो विभागात ‘सबसॉनिक’ फिल्टर असेल तर तो चालू ठेवावा. 20 हर्ट्झच्या खालचं तो कापतो, तिथे संगीत जवळजवळ नसतंच. वाकलेल्या रेकॉर्डमुळे वूफर हेलकावे घेत असेल, तर त्यावर हा नेमका उपाय. 72 हर्ट्झच्या भोंग्याला मात्र तो हातही लावू शकत नाही. काही जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवरचा ‘रंबल’ किंवा ‘लो’ फिल्टर बराच वरून कापायला सुरुवात करतो आणि त्यात डग्गाही पातळ होतो, म्हणून तो गरजेपुरताच.

आणि हेडफोनवरही घरघर राहिलीच, म्हणजे दुखणं खरोखर रंबलचं निघालं, तर? मोटर बंद करून प्लॅटर हाताने फिरवत ऐकावं. घरघर थांबली तर ती मोटरची किंवा रबरी चाकाची. चाक कडक झालेलं किंवा एका जागी चपटं झालेलं असतं आणि ते बदलावं लागतं. हाताने फिरवतानाही राहिली तर बेअरिंग काढून स्वच्छ पुसायचं, जुनं घट्ट झालेलं तेल काढायचं आणि त्या प्लेअरला सांगितलेल्या प्रकारचे दोन-चार थेंब तेल घालायचं. दोन-तीन वेगळ्या रेकॉर्डवर ऐकूनही बघावं, कारण काही रेकॉर्डमध्ये कोरतानाचीच घरघर कायमची उतरलेली असते आणि तिला घरी इलाज नाही.

जुने सूटकेससारखे प्लेअर स्पीकर पोटात घेऊनही वाजत, मग त्यांना हा त्रास का नव्हता, असा प्रश्न हमखास विचारला जातो. त्यांतल्या सिरॅमिक कार्ट्रिजला ‘आरआयएए’ची ती सातपट-नऊपट वाढ लागत नसे, सुईचं वजन कित्येक ग्रॅम असे, आणि स्पीकर इतका लहान की 100 हर्ट्झच्या खाली त्यातून फारसं काही निघतच नसे. आज त्याच आकाराच्या पेटीत मॅग्नेटिक कार्ट्रिज आणि खर्ज देणारे स्पीकर एकत्र घालून मिळतात. असा प्लेअर घेतला असेल तर त्याच्या मागच्या जोडणीतून बाहेरचे स्पीकर लावावेत, आतले बंद करता येत असतील तर करावेत, आणि बाहेरचे स्पीकर त्याच टेबलावर ठेवू नयेत.